आधी दप्तर, मग राजीनामा

‘गेले काही महिने प्रकृती साथ देत नाही. संस्थेच्या कामाला द्यावा तेवढा वेळही देता येत नाही. म्हणून मी सचिवपदाचा राजीनामा देत आहे. संस्थेचे सर्व दप्तर व हिशेब मी व्यवस्थित सुपूर्द करीन. तरी राजीनामा मंजूर करावा, ही विनंती.’

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीची जुनी फाइल उघडली, तर थोड्याफार फरकाने हे पत्र सापडतेच. बहुतेक वेळा त्यातला शब्द न् शब्द खरा असतो. सचिव हा पगारी माणूस नव्हे. नोकरी सांभाळून, नाहीतर निवृत्तीनंतर, तो पाण्याच्या टँकरपासून लिफ्टच्या करारापर्यंत सगळे पाहतो, रात्री अकराला गळतीच्या तक्रारीचे फोन घेतो आणि वार्षिक सभेत चार शब्द ऐकूनही घेतो. सर्वसाधारण सभेने मंजूर केले तर थोडे मानधन मिळते, पण ते घेणारे थोडेच. अशा माणसाचा रक्तदाब वाढला, गुडघे दुखू लागले किंवा घरात कुणाचे आजारपण निघाले, तर त्याने पद सोडण्यात काहीही गैर नाही. त्याच्याकडे वैद्यकीय दाखला मागणे किंवा ‘खरे कारण काय?’ म्हणून जिन्यात कुजबुज करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

पत्राच्या पहिल्या भागाबद्दल एवढे पुरे. माझे म्हणणे शेवटून दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. ‘दप्तर व हिशेब व्यवस्थित सुपूर्द करीन’ हे वाक्य भविष्यकाळात लिहिलेले असते आणि समिती ते तसेच मान्य करते. सभेत आभाराचा ठराव होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, राजीनामा त्याच बैठकीत मंजूर होतो आणि दप्तर मागाहून, सवडीने येते. कधी दोन पिशव्यांतून, कधी तुकड्यातुकड्यांनी, कधी अर्धेच. हा क्रम उलटा आहे. आधी दप्तर, मग मंजुरी असा क्रम हवा आणि नियमही तेच सांगतो.

राज्यातल्या बहुतेक सोसायट्यांनी शासनाचे आदर्श उपविधी स्वीकारलेले आहेत. राजीनाम्याबाबत त्यांत दोन वेगळ्या तरतुदी आहेत. समितीचा सदस्य सदस्यत्वाचा राजीनामा देतो, तेव्हा समितीने तो स्वीकारला त्या दिवशी, किंवा पत्र मिळाल्यापासून एक महिना उलटल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो अमलात येतो. पदाधिकाऱ्याच्या राजीनाम्याची गोष्ट निराळी. सचिवाने किंवा खजिनदाराने पदाचा राजीनामा अध्यक्षांच्या नावे द्यायचा आणि अध्यक्षांनी सचिवांच्या नावे. समितीने तो स्वीकारायचा, पण केव्हा? सोपवलेले काम अद्ययावत आहे आणि ताब्यातली संस्थेची सगळी कागदपत्रे व मालमत्ता त्याने समितीपुढे हजर केली आहे, अशी खात्री झाल्यावरच. म्हणजे उपविधीच्या लेखी दप्तर सुपूर्द करणे ही राजीनामा मंजूर होण्याची अट आहे. आपण मात्र तिला राजीनाम्यानंतरचे सौजन्य करून टाकले आहे.

या दोन तरतुदींतला फरक पत्र लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ‘मी राजीनामा देत आहे’ एवढेच लिहिले, तर तो सचिवपद सोडून समितीत राहणार आहे की समितीही सोडणार आहे, हे कळत नाही. सचिवपद सोडले तर समितीला आपल्यातलाच दुसरा सदस्य त्या जागी निवडता येतो. समितीचे सदस्यत्वही सोडले तर एक जागा रिकामी होते, ती भरण्याची प्रक्रिया वेगळी असते आणि समिती लहान असेल तर गणसंख्येचाही प्रश्न उभा राहतो. पत्र कोणाला दिले यालाही महत्त्व आहे. रात्री साडेअकराला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘मी आजपासून मोकळा’ असे टाकले, तर त्याला राजीनामा म्हणता येणार नाही. पत्र अध्यक्षांना द्यावे, त्यावर तारखेसह पोच घ्यावी आणि कशाचा राजीनामा आहे ते स्पष्ट लिहावे. प्रकृतीच्या कारणाने सोडणाऱ्यासाठी मध्यम मार्गही आहे. पद सोडावे आणि काही महिने साधा सदस्य म्हणून समितीत राहावे. सह्यांचा भार उतरतो आणि माहिती विचारायला माणूस हाताशी राहतो.

आता ‘दप्तर’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. ‘व्यवस्थित सुपूर्द करीन’ या शब्दांचा पोकळपणा तिथेच दिसतो.

समजा, डोंबिवलीत ४८ सदनिकांची, पंचवीस वर्षे जुनी सोसायटी आहे. सचिव आठ वर्षे पदावर आहेत, सचोटीचे आहेत, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. त्यांच्या घरी एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात संस्थेचे सगळे काही आहे. कपाटाची किल्ली नव्या माणसाच्या हाती दिली की पदभार दिला, असे त्यांनाही वाटते आणि समितीलाही. मात्र कपाट उघडून एकेक वस्तू टेबलावर ठेवू लागलो, की चित्र पालटते.

आधी बँक पाहू. दप्तर सुपूर्द करायचा दिवस ठरला असेल, तर त्या दिवसापर्यंतचे पासबुक भरून आणावे आणि त्याच दिवशी रोखवही बंद करून शिल्लक काढावी. पासबुकात ६,४२,३०० रुपये दिसतात, रोखवहीत ५,९१,८०० रुपये. फरक ५०,५०० रुपयांचा. यात लगेच घोटाळा दिसू नये. बँकेची शिल्लक आणि वहीची शिल्लक बरेचदा जुळत नाहीत आणि त्याची साधी कारणे असतात. प्रश्न एवढाच की ती कारणे कागदावर आहेत की सचिवांच्या डोक्यात. इथे एक कारण चटकन सापडते. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा ३८,००० रुपयांचा चेक दिलेला आहे, वहीत खर्च टाकलेला आहे, पण कंपनीने तो अजून बँकेत भरलेला नाही. उरले १२,५०० रुपये. ते बँकेत जमा आहेत आणि वहीत नाहीत. पासबुकात पाठवणाऱ्या बाईंचे नाव दिसते, पण त्या नावाची कुणी सभासद सोसायटीत नाही.

सचिवांना विचारले की ते एका वाक्यात सांगतात, ‘अहो, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचे आहेत ते. त्यांची मुलगी पुण्याहून परस्पर पाठवते. मी दर तिमाहीला पावती फाडतो, या खेपेला राहून गेली.’ प्रश्न मिटला. पण हे वाक्य ऐकायला कुणी नसते तर? नव्या सचिवांनी वही उघडली असती आणि आजींच्या नावावर थकबाकी दिसली असती. पुढच्या बिलात व्याज लागले असते. २०१४ च्या आदर्श उपविधींनी थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावण्याची मुभा दिली होती. फलकावरच्या थकबाकीदारांच्या यादीत आजींचे नाव लागले असते आणि ऐंशीच्या घरातल्या बाईला आपण पैसे भरले आहेत हे सिद्ध करायला जिने चढावे-उतरावे लागले असते. कुणीही पैसे खाल्लेले नाहीत, कुणाचा हेतूही वाईट नाही, तरीही एका सभासदावर अन्याय झाला असता.

म्हणून पदभार देताना बँकेचे ताळमेळ पत्रक हवेच. पासबुकाची शिल्लक, वहीची शिल्लक आणि मधल्या फरकाची ओळीगणिक कारणे. अर्ध्या पानात मावणारा हा कागद आहे आणि तो जुन्या सचिवांनी व खजिनदारांनी मिळून करायचा आहे. नव्या माणसाला तो करता येणार नाही, कारण कारणे त्याला माहीत नाहीत.

बँकेबाबत आणखी एक गोष्ट घाईत राहून जाते. खात्यावर सहसा सचिव आणि त्यांच्याबरोबर अध्यक्ष किंवा खजिनदार अशा दोघांच्या सह्या लागतात. सचिवांचा राजीनामा आज मंजूर केला, तर उद्या रखवालदाराचा पगार आणि पंपाचे वीजबिल कुणाच्या सहीने द्यायचे? नव्या सह्यांसाठी समितीचा ठराव लागतो, त्याची प्रत बँकेत द्यावी लागते, नव्या माणसाची ओळखपत्रे द्यावी लागतात आणि बँक आपल्या गतीने काम करते. या अडचणीवर सोसायट्यांनी एक वाईट तोड काढली आहे. ‘काम अडू नये’ म्हणून जाणारे सचिव दहा-बारा कोऱ्या चेकवर सह्या करून देतात. भल्या हेतूनेच करतात, पण त्या दिवसापासून आपण ज्या व्यवहारात नाही त्या व्यवहाराखाली त्यांची सही पडत राहते. पद सुटते आणि जबाबदारी गळ्यात राहते. तसे चेक कपाटात असतील, तर ते सर्वांसमक्ष रद्द करावेत आणि त्यांचे क्रमांक यादीत लिहावेत. सह्या बदलण्याचा ठराव आधी, बँकेची पोच त्यानंतर आणि राजीनाम्याची मंजुरी सर्वांत शेवटी, हाच सुरक्षित क्रम आहे.

कपाटातला दुसरा महत्त्वाचा ऐवज म्हणजे सभासदांची नोंदवही, जिला सगळे ‘आय रजिस्टर’ म्हणतात. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार कोण सभासद आहे आणि केव्हापासून आहे, याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणजे ही वही. सदनिका विकली जाते तेव्हा भाग दाखल्याच्या मागे नव्या मालकाचे नाव चढते, समिती ठराव करते आणि आय रजिस्टरमध्ये नोंद होते. तिन्ही जुळायला हवीत. व्यवहारात दाखल्यावर नाव चढवून दिले जाते, कारण घेणाऱ्याला कर्जासाठी तो हवा असतो. ठरावही होतो. वहीतली नोंद मात्र ‘सवडीने करू’ म्हणून राहते आणि आठ वर्षांत अशा पाच-सहा नोंदी राहून जातात. सचिवांना प्रत्येक घराची माहिती असल्यामुळे त्यांचे काही अडत नाही. ते गेले की अडते, आणि नेमके निवडणुकीच्या मतदारयादीच्या वेळी किंवा पुनर्विकासाच्या संमतीच्या वेळी अडते. त्या वेळी एकेक नाव मोलाचे असते आणि भांडायला वकील तयार असतात.

नामनिर्देशनाच्या अर्जांची कथा याहून नाजूक आहे. एखादा सभासद नमुना भरून सचिवांच्या हाती देतो. तो समितीच्या बैठकीत ठेवून इतिवृत्तात त्याची नोंद घ्यायची आणि नामनिर्देशन नोंदवहीत चढवायचे, असे उपविधी सांगतात. नोंद राहिली, पाकीट कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले आणि दोन वर्षांनी तो सभासद वारला, तर घरच्यांनी दाखवायचे काय? २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले. सभासदाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काची कागदपत्रे येईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासदत्व देण्याची सोय त्यात आहे. अर्जच हाती लागला नाही, तर ही सोय त्या कुटुंबाच्या उपयोगाची राहत नाही. म्हणून यादीत ‘नामनिर्देशन फाइल : एक’ असे लिहून भागणार नाही. कुठल्या सदनिकेचा अर्ज आला आहे, त्याची नोंद झाली आहे की नाही, हे सदनिकावार लिहावे लागते. अठ्ठेचाळीस ओळींचे काम आहे, एका दुपारचे.

मग येते इतिवृत्ताची वही आणि इथे एका मोहापासून सावध राहायला हवे. उपविधी म्हणतो, काम अद्ययावत असले पाहिजे. सचिवांच्या लक्षात येते की गेल्या सहा-सात बैठकांची इतिवृत्ते लिहिलेलीच नाहीत, मोबाइलवर टिपणे आहेत फक्त. मग एका रात्रीत सगळी लिहून काढली जातात. एकच शाई, एकच वळण, ओळींमध्ये तेच अंतर, अध्यक्षांच्या सात सह्या एकाच दमात केलेल्या. अशी पाने लेखापरीक्षक लगेच ओळखतो, आणि पुढे वाद सहकार न्यायालयात गेला तर समोरचा वकीलही ओळखतो. त्याहून वाईट म्हणजे आठवणीतून लिहिताना कुणाचा विरोध गळून जातो, एखादी रक्कम चुकते आणि जे ठरलेच नव्हते ते ठरले असे होऊन बसते. असे अद्ययावतपण नको. ज्या बैठकीची टिपणे आहेत तिचे इतिवृत्त टिपणांवरून लिहावे, ते पुढच्या बैठकीत वाचून कायम करावे आणि ते कोणत्या तारखेला लिहिले हेही नोंदवावे. जिची टिपणेच नाहीत, तिच्यासाठी ‘या बैठकीचे इतिवृत्त उपलब्ध नाही’ असे यादीत सरळ लिहावे. मधली कोरी पाने आडवी रेघ मारून बंद करावीत. उणीव कबूल करणारी यादी खोट्या पूर्णतेपेक्षा कितीतरी चांगली. समितीनेही अशा कबुलीवरून सचिवांना धारेवर धरू नये, नाहीतर पुढचा माणूस लपवायलाच शिकेल.

कपाटात न मावणारे दप्तर अलीकडे वाढले आहे. हिशेब सचिवांच्या लॅपटॉपवर आहेत. सोसायटीचा ईमेल त्यांनीच काढला, त्यामुळे पासवर्ड विसरला तर तो परत मिळवायची सोय त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर आहे. आयकराच्या संकेतस्थळावरचे खाते, कंत्राटदाराच्या बिलातून कापलेला कर भरण्याचे खाते, बँकेची ऑनलाइन सेवा, वीजबिलाची नोंदणी, या सगळ्यांचे ओटीपी त्याच एका क्रमांकावर येतात. सचिवांनी पासवर्ड कागदावर लिहून दिले तरी ताबा दिला असे होत नाही. क्रमांक बदलेपर्यंत नवा सचिव दर वेळी फोन करून ‘काका, आत्ता एक ओटीपी आला असेल, सांगता का?’ असे विचारत राहतो. ज्या माणसाने प्रकृतीसाठी पद सोडले, त्याच्या दुपारच्या झोपेवर हा भार पडतो. तो माणूस रुग्णालयात असला, तर कर भरण्याची मुदत टळते आणि विलंब शुल्क संस्थेला बसते. या खात्यांची वेगळी यादी करावी, दोघांनी शेजारी बसून एकेक क्रमांक बदलावा आणि नव्या क्रमांकावर पहिला ओटीपी आला की त्या ओळीपुढे खूण करावी. शक्य असेल तर सोसायटीच्या नावाने एक साधा मोबाइल घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी हा सोहळा करावा लागणार नाही.

उरलेल्या गोष्टी नेहमीच्या आहेत. त्यांची नावे प्रत्येक समितीला माहीत असतात, म्हणून मी त्यांवर थांबत नाही : मुदत ठेवींच्या मूळ पावत्या त्यांच्या मुदतीच्या तारखांसह, अर्धवट वापरलेली पावतीपुस्तके शेवटच्या क्रमांकासह, कोरे भाग दाखले, शिक्का, लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचे दोषदुरुस्ती अहवाल, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण झाले असेल तर त्याचा मूळ दस्त. या शेवटच्या दस्ताची झेरॉक्स फाइलमध्ये असते आणि मूळ प्रत कुठे आहे हे एकालाच माहीत असते. यादीत ‘मूळ’ की ‘छायाप्रत’ हा शब्द प्रत्येक दस्तापुढे लिहिला गेला पाहिजे.

एवढे सगळे मागितले की हमखास एक आक्षेप येतो, आणि तो भावनेचा असल्यामुळे त्याला उत्तर दिले पाहिजे. ‘इतकी वर्षे फुकट राबलेल्या माणसाकडे, तेही आजारपणात, यादी मागायची? हा त्याचा अपमान नाही का?’ ही भावना मला समजते, पण निष्कर्ष पटत नाही. यादी सर्वांत जास्त कुणाच्या कामी येते, ते पाहा. समितीच्या कार्यकाळातल्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. राजीनाम्याने पुढची जबाबदारी थांबते, मागची पुसली जात नाही. दोन वर्षांनी लेखापरीक्षकाने एखादे बिल मागितले आणि ते फाइलमध्ये नसले, तर बोट जुन्या सचिवांकडेच दाखवले जाते. ‘मी सगळे दिले होते’ हे त्यांचे म्हणणे आणि ‘आम्हाला मिळालेच नाही’ हे नव्या समितीचे म्हणणे, यांत निवाडा कशावरून करायचा? सही-तारखेची यादी हाती असेल, तर आजारी माणसाला कुणापुढे खुलासे करत बसावे लागत नाही. तिच्याशिवाय त्याला निरोप देणे म्हणजे त्याला उघड्यावर सोडणे होय. ज्याच्याविषयी आदर आहे, त्याच्यासाठी यादी अधिकच आग्रहाने करावी.

मात्र यादी घेणाऱ्यानेही एक भेद पाळावा. नवा सचिव सही करतो ती ‘हे मिळाले’ यासाठी. ‘हे सगळे बरोबर आहे’ असे तो म्हणत नाही आणि त्याने तसे म्हणूही नये. हिशेब तपासणे हे लेखापरीक्षकाचे काम आहे. हा भेद यादीच्या डोक्यावर एका ओळीत लिहिला, की नव्या माणसाची सही करण्याची भीती जाते. पुष्कळदा पदभार महिनोन्‌महिने रखडतो तो याच भीतीपायी. शेवटी कुणीच सही करत नाही आणि कपाट जुन्या घरातच राहते.

समितीच्या बाजूनेही या अटीचा गैरवापर होतो, हे नमूद केले पाहिजे. दुसरा कुणी सचिव व्हायला तयार नसतो, म्हणून ‘दप्तर पूर्ण नाही’ या सबबीवर राजीनामा लोंबकळत ठेवला जातो आणि आजारी माणूस पदावर अडकतो. उपविधीतली अट दप्तर मिळावे यासाठी आहे, माणूस धरून ठेवण्यासाठी नाही. सचिवांनी कागद समितीपुढे हजर केले, उणिवा लिहून दिल्या, की त्यांचा भाग संपला. घ्यायला माणूस नाही ही समितीची अडचण आहे. तिने अध्यक्षांनी किंवा दुसऱ्या सदस्याने तात्पुरते दप्तर स्वीकारावे असा ठराव करावा आणि माणसाला मोकळे करावे.

कायद्याने दप्तर काढून घेता येत नाही का? येते, पण तो रस्ता लांबचा आहे. नवी समिती निवडून आल्यावर मावळत्या अध्यक्षांनी दप्तर नव्या अध्यक्षांच्या हवाली करावे, असे अधिनियमाचे कलम १६० सांगते आणि तसे झाले नाही तर निबंधकांना आदेश देता येतो. दप्तर दडपले किंवा नष्ट केले जाण्याची शक्यता असेल, तर कलम ८० खाली ते ताब्यात घेण्याचीही तरतूद आहे. पण पहिले कलम समितीच्या बदलाविषयी बोलते, मुदतीच्या मध्येच पायउतार होणाऱ्या सचिवाविषयी नव्हे, आणि दुसऱ्यासाठी उपनिबंधक कार्यालयात अर्ज, सुनावणी, आदेश असे हेलपाटे आहेत. शेजाऱ्याविरुद्ध असा अर्ज करणारी समिती पुढची दहा वर्षे त्याच जिन्यात त्याला भेटणार असते. मंजुरीच्या आधीचे पंधरा दिवस, जेव्हा पत्र हातात आहे, संबंध गोड आहेत आणि आठवणी ताज्या आहेत, तेवढाच काळ समितीच्या हाती खरा असतो.

म्हणून पत्र लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की, तो मजकूर थोडा बदलावा. प्रकृतीचे आणि वेळेचे कारण एका ओळीत द्यावे, अधिक स्पष्टीकरण देऊ नये, त्याची गरज नाही. त्यापुढे असे लिहावे : ‘मी सचिवपदाचा राजीनामा देत असून समितीचे सदस्यत्व कायम ठेवीत आहे. माझ्या ताब्यातील दप्तराची यादी, आजअखेरचे बँक ताळमेळ पत्रक आणि अपूर्ण कामांची नोंद सोबत जोडली आहे. समितीने येत्या पंधरा दिवसांत एक दिवस ठरवून यादीप्रमाणे दप्तर पाहून घ्यावे, बँकेतील सह्या बदलण्याचा ठराव करावा आणि त्यानंतर राजीनामा मंजूर करावा.’ यात ‘करीन’ असे एकही क्रियापद नाही. जे करायचे होते, ते जोडपत्रात आहे.

आणि अध्यक्षांना विनंती अशी की, जोडपत्राविना आलेले पत्र प्रेमाने ठेवून घ्यावे, पोच द्यावी, सचिवांच्या घरी जाऊन प्रकृतीची विचारपूस करावी आणि यादी करायला एक तरुण सभासद मदतीला द्यावा. यादीवर दोन्ही सह्या झाल्या, तिच्या तीन प्रती निघाल्या, एक जाणाऱ्याला, एक येणाऱ्याला आणि एक संस्थेच्या फाइलला लागली, की मग पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर राजीनाम्याचा विषय घ्यावा. आभाराचा ठरावही त्याच बैठकीत, त्याच्या पाठोपाठ करावा.